फ्रिजवरची चिठ्ठी: लाईट बिल आणि नेटचे पैसे फ्लॅटमध्ये कसे वाटायचे

बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, उद्यमबाग ह्या भागात चार-चार पोरं मिळून फ्लॅट घेतात आणि लाईट बिल आलं की एकच हिशोब करतात, आलेले पैसे भागिले चार. बिल शून्य किंवा दोन-तीनशे येतंय तोवर कुणी काही बोलत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात अचानक दोन हजाराच्या आसपास बिल येतं आणि त्या दिवशी सगळ्यांना आठवतं की कुणाचा कॉम्प्युटर रात्रभर चालतो, कोण दर शनिवारी खानापूरला घरी जातो आणि कोण अर्धा तास गिझर लावून ठेवतो. बिल हातात आल्यावर नियम ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपल्याला परवडणारा नियमच बरोबर वाटतो. म्हणून नियम बिलाच्या आधी ठरला पाहिजे, आणि तो सगळ्यांना रोज दिसेल अशा जागी म्हणजे फ्रिजच्या दारावर पाहिजे.

खाली क्रमानं लिहिलंय. क्रम मोडू नका, कारण पुढच्या पायरीला मागचा आकडा लागतो.

## १. चिठ्ठी लिहायच्या आधी: मीटर आपलाच आहे का बघा

हे बहुतेक जण करतच नाहीत. अपार्टमेंटच्या खाली जिन्याजवळ आठ-दहा मीटर ओळीनं असतात, त्यातला आपला कुठला हे घरमालकानं हात करून दाखवलेलं असतं आणि आपण मान हलवलेली असते. हेस्कॉमच्या म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या बिलावर आर. आर. नंबर म्हणजे आपल्या कनेक्शनचा नंबर असतो आणि मीटरचा स्वतःचा नंबरही असतो, तो मीटरवरच्या नंबराशी ताडून बघा.

मग ही तपासणी करा, दोन माणसं लागतात. एकानं वर घरातली सगळी बटणं बंद करायची, फ्रिजचा आणि राऊटरचा प्लग काढायचा, इन्व्हर्टर असेल तर त्याचाही, पण मेन स्विच चालूच ठेवायचा. दुसऱ्यानं खाली मीटरजवळ थांबायचं. मीटरवर एक बारीक लाल लाईट लुकलुकत असते, ती थांबली पाहिजे. थांबली तर मीटर तुमचा आणि निदान त्या वेळी तरी त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं काही चालू नाही. लुकलुकत राहिली तर एक तर चुकीच्या मीटरपुढं उभे आहात, नाहीतर जिन्यातला दिवा, पाण्याची मोटार असलं काहीतरी तुमच्या मीटरवर जोडलेलं आहे, किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. असं दिसलं तर वाटणीच्या भानगडीत पडायच्या आधी घरमालकाला आणि इलेक्ट्रिशियनला गाठा.

तीच लाईट मोजून कुठल्याही वस्तूचा खर्चही काढता येतो. मीटरवर `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ती ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो घ्या. बाकी सगळं बंद ठेवून फक्त एक वस्तू चालू करायची आणि एक मिनिट मोजायचं. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुकली तर ती वस्तू १००० वॅट खातेय, म्हणजे तासाला एक युनिट. २००० वॅटचा गिझर लावलात तर लाईट इतकी भराभर पळते की मोजताना चूक होते, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढून हळू करून मोजा.

तपासा: मीटरचा डिस्प्ले आपोआप बदलत असतो, तारीख, वेळ, व्होल्टेज असे बरेच आकडे येऊन जातात. रीडिंग म्हणून ज्याच्या शेजारी `kWh` लिहिलंय तोच आकडा घ्यायचा. घाईत काढलेल्या फोटोत भलताच आकडा आलेला असतो आणि महिनाभराचा हिशोब बोंबलतो.

## २. बिल वाचायला शिका, फक्त शेवटचा आकडा नको

आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून सगळे खालचा मोठा आकडा बघून गप्प बसतात. वाचता येत नसेल तर कन्नड येणाऱ्या मित्राला एकदाच बसवून बिलावर पेन्सिलीनं खुणा करून घ्या, म्हणजे पुढं दर महिन्याला त्याच जागा बघायच्या. खुणा एवढ्याच पाहिजेत. ‘हिंदिन मापन’ म्हणजे मागचं रीडिंग, ‘इंदिन मापन’ म्हणजे आजचं रीडिंग, आणि ‘बळके’ म्हणजे वापरलेले युनिट. ‘निगदित शुल्क’ हा स्थिर आकार आणि ‘विद्युत शुल्क’ हा युनिटमागचा आकार. ‘बाकी’ म्हणजे आपली बाकीच, मागचं थकलेलं.

बाकीची ओळ आधी बघायची सवय लावा. मागच्या महिन्याचे पैसे तिघांनी एकाकडं दिले आणि त्यानं भरलेच नाहीत असं होतं, मग ती रक्कम व्याजासकट ह्या बिलात चढून येते आणि पोरं ती परत चौघांत वाटतात. म्हणजे तिघांनी एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. बाकी आणि व्याज बाजूला काढा, ज्याच्याकडं पैसे अडकले त्यानं ते भरायचे, आणि उरलेल्या रकमेचीच वाटणी करायची.

मीटर घरात असेल आणि रीडिंगवाला आला तेव्हा दाराला कुलूप असेल तर सरासरीवर बिल येतं. अशा बिलावरचं आजचं रीडिंग आणि तुमच्या मीटरवरचं रीडिंग जुळत नाही. त्या महिन्यात पक्की वाटणी करू नका, तात्पुरते सारखे पैसे काढून भरा आणि पुढच्या खऱ्या रीडिंगला दोन्ही महिने एकत्र धरून हिशोब करा.

## ३. गृहज्योतीचा हिशोब आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकणार

कर्नाटकात आहोत म्हणून हा मुद्दा आपल्याला लागू आहे, कोल्हापूरच्या मित्रानं पाठवलेला हिशोबाचा तक्ता इथं चालत नाही. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरगुती कनेक्शनला महिन्याला २०० युनिटपर्यंत सवलत आहे, पण २०० युनिट सगळ्यांना फुकट असा त्याचा अर्थ नाही. त्या कनेक्शनवर २०२२-२३ मध्ये महिन्याला सरासरी जेवढा वापर होता त्याच्यावर १० टक्के धरून तुमचा कोटा ठरतो, फारच कमी वापर असलेल्या घरांना टक्क्यांऐवजी १० युनिट वाढवून दिलेत. ज्या नव्या कनेक्शनला जुनी नोंदच नव्हती त्यांना ५८ युनिटचा कोटा आहे.

मग तीन शक्यता होतात. वापर कोट्याच्या आत, तर बिल शून्य. वापर कोट्याच्या वर पण २०० च्या आत, तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. आणि वापर २०० च्या वर गेला तर सवलत नाही, त्या महिन्याचं अख्खं बिल भरायचं, पहिल्या युनिटपासून.

ही तिसरी शक्यता नीट डोक्यात बसवा. २०० आणि २०१ मध्ये एका युनिटाचा फरक नसतो, हजार रुपयांहून जास्तचाही असू शकतो. फ्लॅटमधली लाईट बिलाची मोठी भांडणं बहुतेक ह्या एका रेषेवरून होतात, आणि भागिले चार करून ती मिटत नाहीत कारण रेषा कुणामुळं ओलांडली हेच त्यात कळत नाही.

तपासा: सवलत तुमच्या फ्लॅटवर खरंच चालू आहे का? कनेक्शन घरमालकाच्या नावावर असलं तरी भाडेकरूला भाडेकरार किंवा त्या पत्त्याचा पुरावा आणि आधार देऊन नोंदणी करता येते. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या आर. आर. नंबरला जोडलेलं राहिलं असेल तर ते आधी काढून घ्यावं लागतं, म्हणजे डीलिंक करावं लागतं. फ्लॅटमधला कोण नोंदणी करणार ते ठरवा आणि त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा. तो सोडून जाताना त्यानं स्वतःच डीलिंक करून जायचं.

## ४. आधी युनिट वाटा, रुपये नंतर

बिल आलं की लगेच रुपये वाटायला घेतात, ही सगळ्यात मोठी चूक. रुपयात स्थिर आकार, कर, सवलत सगळं मिसळलेलं असतं, त्यातून कुणाचा वापर किती ते सुटं होत नाही. युनिट वाटणं सोपं आहे, त्याचे तीन ढीग करा.

पहिला ढीग, घर चालू ठेवायला लागतात ते. फ्रिज आणि राऊटर. माणूस घरी असो नसो हे चालूच. साधारण फ्रिज दिवसाला एक युनिटच्या आसपास खातो, राऊटर १० वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिट होतात. हा ढीग सगळ्यांत सारखा वाटायचा. “मी दहा दिवस गावाला होतो” हे इथं चालत नाही, त्याचं दूध-लोणचं फ्रिजमध्येच होतं.

दुसरा ढीग, एकट्याचं मोठं यंत्र. गेमिंगचा कॉम्प्युटर, कूलर, एसी, स्वतःच्या खोलीतली इंडक्शन शेगडी. हे अंदाजानं लिहू नका, अंदाजावरच वाद होतो. प्लगमध्ये लावायचं युनिट मोजणारं छोटं मीटर मिळतं, ते लावा आणि महिन्याच्या शेवटी त्यावरचा आकडा वाचा. घेताना १६ अँपियरचं घ्या, ६ अँपियरच्या साध्या प्लगवर हीटर किंवा इंडक्शन लावलं तर प्लग वितळतो. ते मिळत नसेल तर पहिल्या पायरीतली लुकलुक मोजून वॅट काढा आणि रोजचे तास लिहून ठेवा.

मोबाईल चार्जर, लॅपटॉप, टेबल लॅम्प असल्या बारीक गोष्टी ह्या ढिगात घालू नका. ६० वॅटचा लॅपटॉप पाच तास चालला तरी दिवसाला पाव-तीनदशांश युनिट होतं, तेवढ्यासाठी रोज वहीत लिहायला लागलात तर आठवड्यात सगळे कंटाळून वहीच बंद करतील.

तिसरा ढीग, बाकी सगळं. पंखे, दिवे, गिझर, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन. एकूण युनिटमधून पहिले दोन ढीग वजा केले की हा उरतो, वेगळा मोजायचा नाही. हा राहिलेल्या दिवसांवर वाटायचा. चौघांनी मिळून किती दिवस काढले त्याची बेरीज करायची, ढिगाला त्यानं भागायचं, की एका माणसाच्या एका दिवसाचे युनिट मिळतात.

दिवस मोजायचा नियम साधा ठेवा, रात्री घरी झोपला तर तो दिवस मोजायचा. फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि जो गावाला जातो त्यानं जाताना आपल्या नावापुढं फुली मारायची. आल्यावर आठवून मारायची नाही, गणपतीला कोण किती दिवस गेलं होतं हे नंतर कुणालाच आठवत नाही. पाहुणा तीन रात्रींपेक्षा जास्त राहिला तर चौथ्या रात्रीपासून ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर एक-एक दिवस वाढवायचा.

## ५. एक महिना पूर्ण करून बघू

समजा फ्लॅटमध्ये चौघं आहेत. पुढच्या खोलीत दोघं, हॉलमध्ये एक जो दर आठवड्याला घरी जातो, आणि मागच्या खोलीत एक ज्याचा मोठा कॉम्प्युटर आहे. गृहज्योतीचा कोटा १२८ युनिट. ३० दिवसांचं बिल आलं, वापर १८६ युनिट, भरायचे ४०६ रुपये. आकडे समजण्यापुरते सोपे घेतलेत, दर तुमच्या बिलातलाच घ्या.

फ्रिज आणि राऊटर ३६ युनिट. कॉम्प्युटरचं मीटर सांगतंय ४०. उरले ११०. तिघं ३० दिवस होते आणि हॉलवाला २० दिवस, बेरीज ११० दिवस. म्हणजे माणसामागं दिवसाला एक युनिट.

पुढच्या खोलीतले दोघं: ९ आणि ३०, प्रत्येकी ३९ युनिट.
हॉलवाला: ९ आणि २०, २९ युनिट.
मागची खोली: ९, ३० आणि कॉम्प्युटरचे ४०, मिळून ७९ युनिट.

सगळ्यांची बेरीज १८६ आली पाहिजे. नाही आली तर पुढं जाऊ नका, आकडा कुठंतरी चुकलाय.

आता फुकटचे १२८ युनिट. हे वापराच्या प्रमाणात वाटले तर ज्याचं यंत्र मोठं त्यालाच सवलतही जास्त मिळते, हे मला बरोबर वाटत नाही. कोटा घराचा आहे, म्हणून तो डोक्यागणिक सारखा, प्रत्येकी ३२. हॉलवाल्यानं २९ च वापरले, त्याचे उरलेले ३ बाकी तिघांना एक-एक. मग त्या तिघांना प्रत्येकी ३३ युनिट फुकट.

पैसे लागले ते ५८ युनिटचे, ४०६ भागिले ५८ म्हणजे युनिटला ७ रुपये, कर वगैरे सगळं धरून. पुढच्या खोलीतल्यांचे ६-६ युनिट जादा, प्रत्येकी ४२ रुपये. मागच्या खोलीचे ४६ युनिट, ३२२ रुपये. हॉलवाला शून्य. भागिले चार केलं असतं तर प्रत्येकाला १०१ रुपये ५० पैसे पडले असते, म्हणजे जो कमीत कमी वापरतो त्यानं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचे पैसे भरले असते, आणि दर महिन्याला.

युनिटला ७ रुपये हा आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

## ६. दोनशेची रेष ओलांडली तर

पुढचा महिना ऑगस्टचा, पाऊस काही थांबेना. ३१ दिवसांचं बिल, हॉलवाला परीक्षेमुळं घरी गेलाच नाही, कॉम्प्युटर ५४ युनिटवर गेला. फ्रिज-राऊटर ३६, कॉम्प्युटर ५४, बाकी १२४, चौघांचे १२४ दिवस. एकूण २१४ युनिट. सवलत गेली आणि बिल आलं १,९२६ रुपये.

आता वाद सुरू होतो. मागच्या खोलीवाला म्हणणार, माझे १४ वाढले तसे हॉलवाल्याचे पण ११ वाढलेच की रे, सगळा दोष माझाच कसा. हिशोबानं तो खोटं बोलत नाहीये. म्हणून “कुणाचे वाढले” हा प्रश्नच विचारायचा नाही. विचारायचं हे, की २०० मध्ये प्रत्येकाचा वाटा किती? चौघं असाल तर ५०. ज्याचे युनिट ५० च्या आत आहेत त्याच्यामुळं रेष ओलांडली असं म्हणता येणार नाही, मग तो महिनाभर घरी राहिला असला तरी, घरात राहणं हा काही जादा वापर नव्हे.

इथं पुढच्या खोलीतले दोघं आणि हॉलवाला प्रत्येकी ४० वर आहेत (९ आणि ३१). मागची खोली ९४. म्हणजे ५० च्या वर एकटाच.

मग बिलाचे दोन तुकडे करायचे. पहिला, सवलत गेली नसती तर किती आलं असतं. २१४ वजा १२८ म्हणजे ८६ युनिट, मागच्या महिन्याच्या ७ रुपयांनी ६०२ रुपये. हा नेहमीसारखा वाटायचा, तिघांना ८ युनिटचे ५६-५६ रुपये आणि मागच्या खोलीला ६२ युनिटचे ४३४. दुसरा तुकडा म्हणजे सवलत गेल्याचा भुर्दंड, १,९२६ वजा ६०२, १,३२४ रुपये. हा ५० च्या वर गेलेल्यांनी, जेवढे वर गेले त्या प्रमाणात भरायचा. इथं एकटाच आहे म्हणून सगळा त्याला, त्याचे एकूण १,७५८.

सावधान: हा नियम कडक आहे आणि दोन अटी पाळल्या असतील तरच लावायचा. एक, तो आधीपासून चिठ्ठीवर लिहिलेला होता. दोन, मागच्या रीडिंगनंतर विसाव्या दिवशी मीटर वाचून आकडा फ्रिजवर लिहिला होता. ह्यातलं एक जरी झालं नसेल तर त्या महिन्यात भुर्दंड कुणा एकट्यावर टाकू नका, सगळं बिल युनिटच्या प्रमाणात वाटा. १,९२६ ला २१४ नं भागलं तर युनिटला ९ रुपये, तिघांना ३६०-३६० आणि मागच्या खोलीला ८४६. माणसाला थांबायची संधी न देता पावणेदोन हजार रुपये मागणं बरोबर नाही.

विसाव्या दिवसाचं रीडिंग हेच ह्या सगळ्या चिठ्ठीतलं मोठं काम. मागच्या रीडिंगपासून विसाव्या दिवशी १३० युनिटच्या वर गेला असाल तर त्याच वेगानं महिना संपेपर्यंत २०० च्या काठावर जाणार किंवा पार होणार. मग उरलेल्या दहा दिवसांत काय कमी करता येतं बघा. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून पोरं ओले कपडे इस्त्रीनं वाळवतात, १००० वॅटची इस्त्री तासाला एक युनिटच्या आसपास जाते, त्यापेक्षा कपडे रात्रभर पंख्याखाली टाका, ७५ वॅटच्या पंख्याला आठ तासांना ०.६ युनिट लागतं. गिझर एकानंतर एक असं लागोपाठ आंघोळीला लावा, चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी टाकी तापवली तर मधल्या वेळेत गरम पाणी थंड होऊन तेवढी वीज फुकट जाते. मोठा कॉम्प्युटर डाऊनलोडसाठी रात्रभर चालू असेल तर ते काम मोबाईलवर करा.

## ७. नेटचा हिशोब लाईटसारखा करायचा नाही

इथं उलटी चूक होते. लाईट सारखी वाटतात आणि नेटवर मात्र “तू जास्त बघतोस” म्हणून भांडतात. नेटचं बिल वापरानं वाढत नाही, प्लॅन घेतला की तेवढेच पैसे, कुणी सिनेमे बघो नाहीतर नुसते मेसेज. म्हणून नेट डोक्यागणिक सारखं, गावाला गेलेल्याला सूट नाही, कारण त्याच्यासाठी लाईन चालूच होती. ६०० चा प्लॅन असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ७०८, चौघांत १७७.

वाद होतो तो तीन जागी. एक, कुणाला तरी जास्त स्पीड पाहिजे असतो. बाकीच्यांचं आहे त्यात भागत असेल तर वाढीव रक्कम त्यानं एकट्यानं द्यायची, आणि ती जीएसटीसकट मोजायची, ३०० चा फरक म्हणजे ३५४ होतात.

दोन, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरलेले असतात आणि मधेच कुणीतरी फ्लॅट सोडतो. ७०८ च्या प्लॅनचे सहा महिन्यांचे ४,२४८, त्यातला चार महिन्यांनी जाणारा असेल तर त्याचे दोन महिन्यांचे ३५४ रुपये अजून लाईनमध्ये आहेत. ते त्याच्या जागी येणाऱ्या नव्या मुलानं त्याला द्यायचे. जागा रिकामी राहिली तर त्याला ते मिळणार नाहीत, आणि हे चिठ्ठीवर आधीच लिहायचं. म्हणून परीक्षेच्या तोंडावर, जेव्हा कोण राहणार कोण जाणार नक्की नसतं, तेव्हा लांबचा प्लॅन भरू नका, महिन्याचाच घ्या.

तीन, राऊटर आणि डिपॉझिट. कनेक्शन ज्याच्या ओळखपत्रावर आहे तो गेला की पोरं तीच लाईन तशीच चालवतात, मग वर्षानं राऊटर परत द्यायची वेळ आली की पावती नसते. डिपॉझिट कुणी किती दिलं त्याची पावती फोटो काढून ग्रुपवर टाका आणि माणूस गेला की लाईन दुसऱ्याच्या नावावर करून घ्या.

तपासा: प्रीपेड प्लॅन ३० दिवसांचा आहे की महिन्याचा? ३० दिवसांचा असेल तर संपायची तारीख सरकत जाते, “पाच तारखेला भरतो” म्हणणाऱ्याचं नेट एखाद्या महिन्यात दोन तारखेलाच बंद पडतं. संपायची तारीख चिठ्ठीवर दर वेळी खोडून नवी लिहा.

## ८. चिठ्ठी अशी लिहा

मोठी नको, एका पानावर. पुढचा मजकूर तसाच उतरवून घेतला तरी चालेल, फक्त आकडे आपले घाला.

> लाईट आणि नेट
> आर. आर. नंबर: ____ गृहज्योती नोंदणी कुणाची: ____ कोटा: ____ युनिट
> मागचं रीडिंग: ____ तारीख: ____
> विसाव्या दिवसाचं रीडिंग: ____ (मागच्या रीडिंगपासून १३० युनिटच्या वर असेल तर लाल पेननं)
> मागच्या बिलाचा युनिटला दर: ____
>
> फ्रिज-राऊटर सगळ्यांना सारखं. मोठं यंत्र ज्याचं त्याला. बाकी राहिलेल्या रात्रींवर.
> गावाला जाताना कॅलेंडरवर फुली मारून जा. नंतर सांगितलेली फुली धरणार नाही.
> २०० ओलांडलं तर भुर्दंड ज्याचे युनिट ५० च्या वर त्याचा. विसाव्या दिवसाचं रीडिंग लिहिलेलं नसेल तर सगळ्यांना युनिटच्या प्रमाणात.
>
> नेट डोक्यागणिक सारखं, गावाला गेलात तरी. संपायची तारीख: ____
> ह्या महिन्यात बिल भरणारा: ____ पैसे बिल आल्यापासून तीन दिवसांत. उशिराचं व्याज ज्याच्यामुळं त्याचं.
> सह्या: ____ ____ ____ ____

‘५०’ हा आकडा चौघांसाठी आहे. तिघं असाल तर २०० भागिले तीन, ६६ धरा. पाच असाल तर ४०.

सह्या घ्यायच्याच. एकानं लिहिली आणि चिकटवली तर ती त्याची चिठ्ठी होते, बाकीच्यांना ती हुकूम वाटते आणि पहिल्या मोठ्या बिलाला “मी कुठं हो म्हटलं होतं” ऐकायला मिळतं. लिहिताना ज्याचं यंत्र मोठं आहे त्याला शेजारी बसवा, पाठीमागं नियम करू नका. आणि चिठ्ठीत कुणाचं नाव घेऊन टोमणा नको, नियम यंत्राला आणि आकड्याला लागू करा.

## ९. बिल आलं त्या दिवशी, ह्याच क्रमानं

बिलाचा आणि मीटरचा दोन्हीचा फोटो ग्रुपवर. मग बाकीची ओळ बघून ती वजा. मग प्लगच्या मीटरवरचा आकडा लिहून तो परत शून्यावर आणायचा, हे विसरलं की पुढच्या महिन्यात ह्या महिन्याचेही युनिट मिसळतात. मग कॅलेंडरवरचे दिवस मोजायचे, बिलाच्या तारखांप्रमाणे, एक तारीख ते तीस तारीख असं नाही, रीडिंग बारा तारखेला झालं असेल तर बारा ते बारा. मग तीन ढीग, मग बेरीज जुळते का, मग रुपये. भरणाऱ्यानं सगळ्यांचे यूपीआयवर आले की लगेच भरायचं आणि पावती ग्रुपवर टाकायची. शून्य बिल आलं तरी रीडिंग चिठ्ठीवर चढवायचंच, पुढच्या विसाव्या दिवसाचा हिशोब त्यावरूनच करायचाय.

## १०. कुणी सोडून जात असेल तर

महिन्याच्या मधेच कुणी जात असेल तर जायच्या दिवशी सकाळी मीटरचा फोटो काढा आणि प्लगच्या मीटरचाही. तिथपर्यंतचे युनिट त्याच तीन ढिगांनी वाटा, फ्रिज-राऊटरचा वाटा तेवढ्याच दिवसांचा. पण बिल यायचंय, २०० ओलांडणार की नाही हे अजून कळलेलं नाही, म्हणून त्याच्याकडून मागच्या महिन्याच्या दरानं पैसे घ्या, आणि तो आपल्या दिवसांच्या प्रमाणात ५० च्या आत असेल तर नंतर भुर्दंड पडला तरी त्याला फोन करून मागू नका. वर असेल तर डिपॉझिटमधले पाचशे-हजार बिल येईपर्यंत थांबवून ठेवा, असं ठरल्याचं चिठ्ठीच्या मागं लिहून त्याची सही घ्या, आणि बिल आल्या दिवशी हिशोबाच्या फोटोसकट उरलेले त्याला परत पाठवा. गृहज्योती त्याच्या आधारवर असेल तर चावी परत घ्यायच्या आधी, तो समोर असतानाच, त्याच्या मोबाईलवर डीलिंक करून घ्या, कारण त्यासाठीचा ओटीपी त्याच्याच नंबरवर येतो.